वजनं गेली, तराजू राहिला

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून अर्ध्या कोसावरच्या वाडीत जैतू राहायचा. शेत नव्हतं, बैल नव्हते. घरात मोलाची म्हणावी अशी एकच चीज होती, ती म्हणजे बापाने मागे ठेवलेला तराजू. वाण्याच्या फळीवर असतो तसला चिमुकला नव्हे. पुरुषभर लांबीची लोखंडी दांडी, मधोमध वर निघालेला काटा, दोन्ही टोकांना साखळ्या आणि साखळ्यांना सागाच्या फळ्यांची चौकोनी पारडी. ऐनाचे तीन वासे शेंड्याशी बांधून तिकाटणं उभं करायचं आणि त्याला हा टांगायचा. भाताचं गच्च भरलेलं पोतं टाकलं तरी दांडी कुरकुरत नसे.

या तराजूवर जैतूने वीस वर्षं रस्त्यावरच्या एका वखारीत हिरडा मापला. वखार शेठची, तराजू आणि हात जैतूचे. डोंगरातल्या बाया हिरड्याच्या पाट्या घेऊन यायच्या, जैतू एका पारड्यात हिरडा ओतायचा, दुसऱ्यात शेराची वजनं मांडायचा आणि लयीत ओरडायचा, "लाभ... दोन... तीन..." मापाडी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. बायांना ते आवडायचं. जैतूच्या डाव्या हाताची करंगळी मात्र त्यांना आवडत नसे. जैतू साखळी धरून उभा राहिला, की ती करंगळी हळूच वजनांच्या पारड्यावर टेकायची आणि पाटीतला अर्धा शेर हिरडा कुठे गेला ते कुणालाच कळत नसे. म्हणजे कळत सगळ्यांना होतं, पण बोलणार कोण? शेठनेच तसं शिकवलं होतं. जैतूच्या मनाला ते पहिली दोन-तीन वर्षं लागलं, पुढे करंगळीला सवय झाली आणि मनाला विचारायचं राहून गेलं.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात शेर आणि मण बंद झाले. शेठने कल्याणहून सरकारी शिक्क्याचा नवा काटा आणला, पोतं वर ठेवायचं आणि दांडीवरचं वजन सरकवायचं, असला. त्याला मापाडी लागत नव्हता.

"जैतू, तुझा तराजू घरी ने," शेठ म्हणाला. "आता किलो आला."

"मंग मी काय करू शेठ?"

"तो किलोला विचार," असं म्हणून शेठ पोती मोजायला निघून गेला.

जैतूने दांडी खांद्यावर घेतली, पारडी बायकोच्या डोक्यावर दिली आणि दोघं वाडीत आली. बायकोचं नाव हौसा. अंगाने बारकी, आवाजाने मोठी. दारात तो लोखंडाचा पसारा पडला तेव्हा ती म्हणाली, "अवो, लोहाराला द्या. धा कोयते होतील."

"बापाचा तराजू हाय गो."

"बापाचा हाय म्हणून खाऊ का त्याला? काय तरी धंदा काढा त्याच्यातून, नायतर कोयते."

जैतू आठ दिवस विचार करत बसला. नवव्या दिवशी त्याला सुचलं. मुरबाडच्या आठवडी बाजारात तिकाटणं उभारायचं आणि माणसांची वजनं करून द्यायची! मुंबईला स्टेशनावर पैसा टाकला की वजनाचं तिकीट येतं म्हणे. इथे तिकीट नाही, पण जैतूच्या तोंडून ऐकायला मिळेल.

बाजारात तो सकाळपासून ओरडत होता, "या, वजन करा! आपलं वजन आपल्याला ठाऊक पायजे!"

लोक थांबत होते, बघत होते आणि पुढे जात होते. सुके बोंबील विकणाऱ्या धोंडूबाईने त्याला विचारलं, "वजन करून काय होतं रे?"

"कळतं."

"कळून काय होतं?"

जैतू पारडं पुसत राहिला.

"मला इकायला काढलीय का?" धोंडूबाई म्हणाली. आजूबाजूच्या बाया हसल्या. तरी तिच्या बोंबलांना दुपारपर्यंत गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, वेळ जावा म्हणून ती पारड्यात बसली. जैतूने पाच-पाच शेरांची वजनं मांडायला सुरुवात केली आणि लयीत म्हणायला लागला, "लाभ... दोन..." दहा मांडून झाली, तिचं पारडं जमिनीवरून सुटायला लागलं, तेवढ्यात गर्दीतून खाकी टोपीचा एक साहेब पुढे आला. वजनमापांचा सरकारी साहेब.

"ही शेराची वजनं तुमची?"

"व्हय साहेब."

"बंद झाली, माहीत नाही? ही जप्त करावी लागतील."

धोंडूबाई पारड्यात तशीच. साहेबाच्या शिपायाने समोरच्या पारड्यातली वजनं उचलली, त्याबरोबर तिच्या बाजूचं पारडं धाडकन खाली बसलं. ती उठली आणि दिसेल त्याला शिव्या देत निघून गेली. तिचं वजन किती, ते त्या दिवशी कळायचं राहिलंच.

साहेब मात्र कामाचा माणूस होता. त्याने तराजूही तपासला. आधी रिकामी पारडी, काटा सरळ उभा. मग आपल्या पेटीतली शिक्क्याची वजनं दोन्हीकडे सारखी ठेवली, तरीही सरळ. मग डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे केली. दांडीचा एक हात जरा जरी लांब असला तर इथे पकडला जातो. काटा जागचा हलला नाही.

"कुणी केला हा?" साहेबाने विचारलं.

"बापाने करून घेतला."

"फार खरा तराजू आहे," साहेब म्हणाला. जैतूने मान खाली घातली. तराजू खराच होता, खोट तराजूत नव्हतीच कधी. साहेब पुढे म्हणाला, "पण शिक्का नाही, तेव्हा यावर मालाची देवघेव करायची नाही. आणि वजनंच नाहीत म्हटल्यावर तुम्ही करणार तरी काय?"

साहेबाने पावती फाडून दिली आणि तो वजनं घेऊन गेला.

घरी आल्यावर हौसाने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आता आपला तराजू किती भरतं ते सांगू शकत नाय," ती म्हणाली. "पण हिकडलं आन् तिकडलं सारखं हाय का, तेवढं सांगू शकतो."

"त्येचा काय उपेग?"

"ते मला काय माहीत? मापाडी तुमी."

उपयोग दिवाळीनंतर समजला. शेजारच्या गावातले नामा आणि चांगू हे सख्खे भाऊ वेगळे निघाले. खळ्यावर भाताची रास पडली होती आणि भांडण वाटणीचं नव्हतं, पायलीचं होतं. नामाने भरली की चांगू म्हणे शीग जास्त घेतलीस, चांगूने भरली की नामा म्हणे दाबून भरलीस. गावकरी दमले. हौसाला हे पाणवठ्यावर कळलं आणि दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला आणि तराजूला घेऊन खळ्यावर हजर झाली.

"पायली नको, किलो नको, काय नको," ती म्हणाली. "हिकडं टाका, तिकडं टाका, काटा उभा राहिला की ज्याचं त्यानं उचला."

काम सुरू झालं. चार खेपा बऱ्या गेल्या. पाचव्या खेपेला चांगू म्हणाला, "ह्ये डावं पारडं लबाड हाय."

"मंग तुमी डावं घ्या," हौसा म्हणाली.

चांगूला ते पटलं. मग नामाला संशय आला, की चांगू इतक्या लवकर कसा कबूल झाला. शेवटी साहेबाने केलं तसं जैतूने करून दाखवलं. दोन्ही पारड्यांतल्या पाट्या अदलाबदल केल्या, काटा तस्साच. भाऊ पुन्हा पाट्या भरायला लागले. पण नामाची बायको रखमी पुढे आली. ती वाडीच्या बाजूची होती, पोरवयात हिरडा घेऊन वखारीत गेलेली.

"तराजू खरा असंल," ती म्हणाली, "पण जैतूदादा, तुमी हात मागं बांधा."

खळ्यावर हशा झाला. जैतूचा हात खरोखरच साखळीवर होता आणि करंगळी पारड्याच्या कडेला लागली होती. त्याच्या मनात काही नव्हतं. करंगळी आपली आपण गेली होती. जैतूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षांत कुणी तोंडावर बोललं नव्हतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकात एक गुंतवले आणि वाटणी संपेपर्यंत सोडले नाहीत. पारडी भरायचं काम हौसाने केलं.

सगळं उरकल्यावर रखमीने आपल्या दीड वर्षांच्या लेकीला रिकाम्या पारड्यात बसवलं. पोरगी झोका समजून खिदळायला लागली. "हिच्या टायमाला मी म्हशाच्या देवाला बोलली होती," रखमी म्हणाली, "हिच्या भारंभार गूळ वाहीन म्हणून. पण तराजू कुठं गावतो? वाणी म्हणतो, माझ्या काट्यावर माणूस चढवायचा नाय."

हौसाने जैतूकडे पाहिलं. पोरगी आणि गूळ. हिकडलं आणि तिकडलं सारखं. त्यात ना शेर लागत होता, ना किलो, ना साहेबाचा शिक्का.

पौषात म्हसा गावी जत्रा भरली. बैलबाजार एका अंगाला, घोंगड्यावाले दुसऱ्या अंगाला, देवळाकडे जायच्या वाटेवर एका आंब्याखाली जैतूचं तिकाटणं. जागेसाठी हौसा आदल्या दिवसापासून तिथे बसून होती. तिने आणखी एक गोष्ट केली होती. एका गूळवाल्याला गाठून आपल्या शेजारी बसवलं. माणसं घरून गूळ आणतात तो कमी पडतो किंवा उरतो. कमी पडला तर इथेच घ्यावा, उरला तर गूळवाल्याने परत घ्यावा, असं तिने ठरवून टाकलं. गूळवाला आधी परत घ्यायला कां-कू करत होता. "मंग पलीकडच्याला इचारते," म्हटल्यावर कबूल झाला.

जैतूचे हात तिने अंगोछ्याने पाठीमागे बांधूनच टाकले. "सवय मेली सुटायची नाय," ती म्हणाली, "आन् हितं देवाचं काम हाय."

गंमत अशी झाली, की लोकांना ते व्रत वाटलं. हात बांधलेला मापाडी! म्हातारे-कोतारे त्याच्या पाया पडायला लागले. जैतूला पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं, दुपारपर्यंत जरा कमी झालं.

त्या वर्षी तुळेला आली ती पोरंच. पहिली रखमीची लेक. हौसाने पोरीच्या पारड्यात गोधडी अंथरली आणि तसलीच गोधडी घडी करून गुळाच्या पारड्यात ठेवली. गोधडीचा भार देवाने कशाला द्यायचा? पोरगी बसली, गूळ चढला, काटा उभा राहायला आला, तेवढ्यात पोरीने भोकाड पसरलं. रखमीने घाईघाईत समोरच्या पारड्यातली एक भेली उचलून तिच्या हातात दिली. पोरगी गप्प झाली आणि तराजू बिघडला. गूळ तिकडून कमी झाला, इकडे वाढला. म्हणून तिकडे आणखी भेली ठेवली. मग पोरीने दुसरी भेली मागितली. जैतू हात बांधलेला, नुसता ओरडत होता, "अगो, तिकडची नको देऊ, पदरची दे! नाय, पदरची बी नको, ती बी हिकडंच भरतीय!" शेवटी भेली काढून घेतली, आणि पोरगी आणखी रडायच्या आत हौसाने "झालं!" म्हणून सांगितलं. अकरा पोरं झाली त्या जत्रेत. दरेकी चार आणे आणि एक भेली असा हौसाचा भाव होता. पुढचा महिनाभर घरात सकाळी गुळाचा चहा होता.

खरी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. भागोजी पाटील सरळगावच्या बाजूचे, चाळीस बैलांच्या दावणीचे. दोन वर्षांमागे ते विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांच्या बायकोने, हिराबाईने, देवाला शब्द दिला होता, हे उठले तर यांच्या भारंभार गूळ वाहीन. पाटील उठले. नुसते उठले नाहीत, तर दोन वर्षांत असे भरले की दाराला आडवे लागायचे. नवस लांबवत लांबवत ते जत्रेपर्यंत आले होते, आणि येण्याआधी दोन दिवस त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

आंब्याखाली येताच त्यांनी फेटा उतरवला. मग कोट, मग सदरा, मग जोडे, कंबरेचा चांदीचा करगोटा, बोटातली अंगठी. पौषातल्या थंडीत पाटील धोतराचा काचा मारून उघडे उभे राहिले. जत्रा गोळा झाली.

"जैतू," पाटील त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "नवस केला तेव्हा मी काडी होतो. देवाला काडीचाच हिशोब द्यायचा ना? तुझी ती करंगळी ऐकून आहे मी. गुळाच्या बाजूला टेकव जरा. माझ्या गवताच्या वखारीत मापाडी पाहिजे आहे. बारमाही काम."

बारमाही काम! पाठीमागे अंगोछ्यातली करंगळी वळवळलेली जैतूला स्वतःला कळली. हौसाने गाठ पक्की मारली होती की नाही, हे त्याला आठवेना. त्याने हळूच ओढून पाहिलं. गाठ सैल होती. हात सुटत होते.

आणि त्याने ते पुन्हा आवळून घेतले. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. समोर रखमी उभी होती, कडेवर लेक घेऊन, त्याच्या हातांकडे बघत. एवढंच.

"पाटील," तो मोठ्याने म्हणाला, "बसा. आन् पाय वर घ्या, अंगठा जमिनीला लागतोय."

लोक हसले. पाटलांनी पाय वर घेतले आणि पारडं जमिनीला चिकटलं. गुळाच्या ढेपा चढायला लागल्या. एक, दोन, तीन. दांडी हलेना. चार. पाच. गूळवाल्याचा माल संपला. त्याने पलीकडच्याकडे माणूस पाठवला. पलीकडचा भाव वाढवून बसला, हिराबाई त्याच्याशी भांडायला गेली आणि पाटील पारड्यात कुडकुडत राहिले.

"अरे, घोंगडी तरी द्या!"

"घोंगडी भरंल तेवढा गूळ वाढंल," जैतू म्हणाला.

"मग भाकरी द्या. दोन दिवस उपाशी आहे."

"भाकरी बी भरंल पाटील."

"पाणी?"

जैतूने विचार केला. "पाणी बी."

सहावी ढेप आली आणि पाटील पहिल्यांदा जमिनीवरून बोटभर सुटले. जत्रेने टाळ्या पिटल्या. मग भेल्या, एकेक. चौथ्या भेलीला काटा थरथरला आणि सरळ उभा राहिला. पाटील अधांतरी, गूळ अधांतरी, आणि जैतूचे हात पाठीमागे. मग कुणीतरी ओरडलं, "सहा ढेपा, चार भेल्या! असा नवस म्हशात कुणी फेडला नाय!"

पाटलांचा चेहरा बदलत गेला तो जैतूने जवळून पाहिला. आधी राग होता, मग लाज आणि मग हळूहळू छाती फुगत गेली. "जैतू, किती म्हणाला तो?" त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं. जैतूने तोच आकडा सांगितला. "आणखी एकदा सांग, मागच्यांना ऐकू आलं नाही." अंगठी घालून, फेटा बांधून ते देवळाकडे निघाले तेव्हा प्रत्येकाला स्वतःच आकडा सांगत होते.

बारमाही काम काही मिळालं नाही. पाटलांनी ते पुन्हा काढलं नाही, जैतूनेही विचारलं नाही. पण पुढच्या जत्रेत आंब्याखाली पोरांपेक्षा बाप्येच जास्त. ज्याला नवस नव्हता त्यानेही जुना आठवून काढला. किन्हवलीचा एक खोत सकाळपासून खात खातच आला, दोन तांबे पाणी वर प्याला, तरी पाच ढेपांवर अडला आणि रुसून गेला. एकाच्या धोतराच्या सोग्यातून पाट्याचा वरवंटा निघाला. हौसाने तो काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "देवाला गूळ पायजे, चटणी नाय वाटायची." त्या वर्षापासून बसण्याआधी अंग झाडायची रीत तिने पाडली. पूर्वी लोक हलके व्हायला बघायचे, आता जड व्हायला. मापाड्याला दोन्हीकडे डोळा ठेवावा लागतो, हे जैतू वाडीत सगळ्यांना समजावून सांगायचा.

जत्रा संपली तरी तराजूला बसायला सवड मिळेना. भाऊ वेगळे निघाले की बोलावणं येई. कुणाच्या घरी बारशाला तुळा, कुणाच्या लग्नात जावयाची. आटगावहून एकजण बैलगाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा हौसाने नवं लुगडं नेसून गाडीत पुढे बसून घेतलं. कोयत्यांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

ऐंशी साल उजाडेपर्यंत जैतूला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. मग सून मंगळी पारडी भरायची आणि तो बाजेवर बसून नुसता ऐकायचा; साखळीच्या आवाजावरून काटा उभा राहिला की नाही ते त्याला समजे. मुरबाड तालुक्यातला कोण किती ढेपांचा, हे सगळं त्याच्या तोंडपाठ होतं. बाजारात कुणी आवाज दिला तर तो म्हणायचा, "कोण, साडेतीनवाला का?" पोरीचं स्थळ बघायला निघालेली माणसंही वाटेत त्याच्याकडे थांबायची. एकदा नामाने रखमीच्या त्याच लेकीसाठी एका मुलाची चौकशी केली.

"घर चांगलं हाय," जैतू म्हणाला, "पोरगा बी बरा. पण गेल्या साली तीन ढेपा होता, औंदा अडीच. इचारून बघा, आजारी हाय का कंजूस."